खिडकी क्रमांक तीनपुढे आणखी एक स्टूल

प्रति,
मा. निवृत्तिवेतन अधिकारी,
निवृत्तिवेतन शाखा, दुसरा मजला.

विषय: खिडकी क्र. ३ पुढे अभ्यागतांसाठी आणखी एक लाकडी स्टूल मंजूर होणेबाबत.

संदर्भ: माझा याच विषयावरील मागील अर्ज, जो आपण 'स्टूल कुणासाठी?' असा शेरा मारून परत केला.

महोदय,

१. आपल्या शेऱ्याचे उत्तर एका ओळीत देण्याचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. ती ओळ मलाच पटली नाही, म्हणून सविस्तर लिहितो. वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व.

२. मी या शाखेत वरिष्ठ लिपिक आहे. निवृत्त होणाऱ्यांचे प्रस्ताव तपासणे आणि त्रुटी काढून परत पाठवणे हे माझे काम. खिडकीपुढे सध्या एक स्टूल आहे. ते दुपारच्या सुट्टीनंतर रिकामे दिसते, पण रिकामे नसते. त्यावर या शाखेचे माजी लिपिक बसतात. त्यांना कार्यालय अजूनही 'उडीवाले' म्हणते, कारण नोकरी सोडताना ते सगळ्यांना पेढा देऊन "मी उडी मारतोय" असे सांगून गेले होते. त्यांच्या निधनास बरीच वर्षे झाली. ते त्रास देत नाहीत. फक्त "माझी केस कुठवर आली?" एवढेच विचारतात आणि उत्तराची वाट बघतात, जशी सगळेच बघतात.

३. याबाबत हेडक्लार्कांना तोंडी कल्पना दिली असता ते म्हणाले, "असतील तर अर्ज द्यायला सांगा, नसतील तर प्रश्नच मिटला." शिपायाने मात्र स्टूल पुसून जागेवर ठेवायला सुरुवात केली. विचारले तर म्हणाला, "मला काही दिसत नाही हो. पण तुम्ही बोलताना तिकडे बघता. माणूस उभा राहिलेला बरा नाही दिसत."

४. उडीवाल्यांची केस थोडक्यात अशी. बावीस वर्षे नोकरी झाल्यावर एका मित्राबरोबर दूध थंड ठेवण्याची यंत्रे बनवायची म्हणून ते गेले. वीस वर्षे सेवा झालेल्या माणसाला तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. सेवेच्या प्रमाणात पेन्शन सुरू होते आणि तो गेल्यावर बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. पण मित्राला घाई होती, आणि तीन महिने थांबण्याइतका धीर उडीवाल्यांकडे नव्हता. त्यांनी साधा राजीनामा दिला. राजीनाम्याने मागची सगळी सेवा जप्त होते. पगारातून कापलेला भविष्यनिर्वाह निधी तेवढा परत मिळतो, तो यंत्रांत गेला. दोन वर्षांनी यंत्रे बंद पडली आणि पुढच्या वर्षी ते. याच शाखेत बसून त्यांनी शेकडो लोकांना हा फरक समजावून सांगितला होता. वैद्याने स्वतःलाच चुकीची पुडी द्यावी, तसे झाले.

५. त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे काकू म्हणतो, दरवर्षी अर्ज करतात की राजीनामा हा स्वेच्छानिवृत्ती समजावा. दरवर्षी उत्तर जाते: 'नियमात तरतूद नाही.' ते उत्तर मी टंकित करतो. उडीवाले स्टुलावर बसून ते वाचतात. शुद्धलेखनाच्या चुका दाखवत नाहीत, यावरून त्यांची मनःस्थिती आपल्या लक्षात यावी.

६. आता माझ्याबाबत. गेल्या हिवाळ्यात माझ्या मेव्हण्याने कंपनी काढली. निवृत्तांचे प्रस्ताव पहिल्याच फेरीत मंजूर व्हावेत अशी संगणकप्रणाली ते बनवतात. कार्यालय एका सायकल दुकानाच्या वर आहे. चार मुली, तीन मुले, एक पांढरा फळा आणि एक पंखा. मेव्हणा म्हणाला, "भावोजी, हिशेब मशीन करतं. पण प्रस्ताव परत का येतो ते त्याला कळत नाही. ते जगात फक्त तुम्हाला कळतं." एकोणीस वर्षांत माझ्या त्रुटी काढण्याला कुणी ज्ञान म्हटले नव्हते. मी त्या रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

७. देकार असा: पगार इथल्यापेक्षा थोडा कमी, आणि सोबत कंपनीचे शेअर. शेअर एकदम मिळत नाहीत, चार वर्षांत मिळतात. पहिले वर्ष पुरे होण्याआधी गेलो किंवा घालवले तर शून्य. वर्ष झाल्यावर चौथा हिस्सा, मग दर महिन्याला थोडे थोडे. तेही ठरलेल्या किमतीला आपणच विकत घ्यायचे, आणि कुणा मोठ्या कंपनीने ही कंपनी विकत घेतली तरच ते विकले जाणार. मी म्हणालो, "म्हणजे सगळं कागदावर." तो म्हणाला, "तुमची पेन्शन कशावर आहे, भावोजी? दगडावर?" यावर मी त्याला नियम सांगितला.

८. सेवेचा हिशेब मी स्वतः केला. वीस वर्षांना आठ महिने कमी होते. पण वडिलांच्या आजारपणात मी पाच महिने बिनपगारी रजा घेतली होती. वैद्यकीय दाखला वडिलांचा होता, माझा नव्हता, म्हणून ते महिने सेवेत धरता येत नाहीत. ही त्रुटी दुसऱ्या कुणाची असती तर मी ती आनंदाने काढली असती. म्हणजे थांबायचे तेरा महिने. मेव्हण्याला विचारले, तेरा महिने थांबशील का? तो म्हणाला, "कंपनीकडे पैसेच अकरा महिन्यांचे आहेत." म्हणजे मी पात्र होईन तेव्हा कंपनी नसेल, आणि कंपनी आहे तोवर मी पात्र नसेन. खासगी कंपनीत जाताना इथली जागा राखून ठेवण्याची सोय आम्हाला नाही, हेही मीच मला कळवले.

९. घरी विषय काढला. पत्नी शाळेत शिक्षिका आहे, तिला उत्तरे तपासायची सवय. ती म्हणाली, "तुम्हाला जायचंय का?" मी तिला दोन्ही बाजूंचा तक्ता दाखवला. ती म्हणाली, "मी आकडे नाही विचारले." मग वह्यांकडे वळून म्हणाली, "गेलात तर माझ्या पगारात भागवू. राहिलात तरी भागेल. पण हे मधलं, दारात उभं राहणं, याच्यात माझा जीव जातो."

१०. मी राजीनामा दिला. महिनाअखेरपासून अमलात यावा असा. आपण तो पाहिलात. हेडक्लार्क म्हणाले, "दुसरा उडीवाला!" आणि सगळे हसले. खिडकीबाहेरचे उडीवाले हसले नाहीत.

११. त्याच आठवड्यात काकू वार्षिक अर्ज घेऊन आल्या. माझी बातमी त्यांना शिपायाने सांगितली होती. मला वाटले, रडतील, शपथ घालतील. त्या स्टुलावर बसल्या. उडीवाले उठून बाजूला झाले, हे मी शपथेवर सांगेन. काकू म्हणाल्या, "बाळा, पेन्शन गेली याचा राग आहेच. रोज आहे. भाजी घेताना आहे, औषध घेताना आहे. पण एक सांगते. बावीस वर्षं हा माणूस दाढी करताना आरशाशी भांडायचा. ती दोन वर्षं शीळ घालायचा. मी स्वयंपाकघरातून ऐकायची." मग म्हणाल्या, "तेवढे तीन महिने थांबला असता मेला, तर दोन्ही मिळालं असतं." आणि डोळे पुसून पोचपावती मागितली.

१२. महिन्याचा शेवटचा दिवस. मी टेबल आवरले, चावी हेडक्लार्कांच्या हाती दिली आणि खिडकीबाहेरच्या बाजूने जिन्याकडे निघालो. तिथे उडीवाले स्टुलावरून उठले. त्यांनी रुमालाने स्टूल पुसले आणि माझ्याकडे सरकवले. चेहऱ्यावर वाईट भाव नव्हता. गाडीत जागा करून द्यावी तसे, सहज. "बसा," म्हणाले.

१३. राजीनामा अमलात येण्यापूर्वी मागे घेता येतो. मी तिथेच भिंतीला कागद लावून अर्ज लिहिला, धावत आपल्या दालनात आलो, आणि आपण घड्याळ बघून त्यावर 'ठीक' लिहिलेत. आपले उपकार आहेत. मेव्हण्याने फोनवर सगळे ऐकून घेतले. मग "बरं भावोजी" म्हणाला. तेव्हापासून तो मला नियम विचारत नाही, तब्येत विचारतो.

१४. आता मूळ मागणीकडे येतो. त्या दिवसानंतर खिडकीपुढे दोघे असतात. उडीवाले स्टुलावर बसतात, दुसरा उभा असतो. दुसऱ्याच्या अंगावर मी सायकल दुकानाच्या वरच्या नोकरीसाठी शिवलेला निळा शर्ट आहे. तो शर्ट माझ्या कपाटात घडी न मोडता पडून आहे. त्याचे केस माझ्यापेक्षा थोडे जास्त पांढरे, चेहरा ओढलेला. कंपनी चालली की बुडाली, हे मी त्याला एकदा विचारले. तो म्हणाला, "माझी केस कुठवर आली?" मी म्हणालो, तुमची केस इथे नाही, तुम्ही गेलाच नाहीत. तो हसला. परत आलेला प्रस्ताव बघून लोक हसतात, तसा.

१५. त्याचे उभे राहणे मला बघवत नाही. गुडघा दुखतो त्याचा. मला ठाऊक आहे कोणता.

१६. खर्चाची अडचण असल्यास पर्याय सुचवतो. काकूंच्या प्रकरणात नियम शिथिल करण्याचा प्रस्ताव, बावीस वर्षांच्या सेवेच्या तपशिलासह, मी या वेळी 'तरतूद नाही' न लिहिता आपल्या टेबलावर ठेवला आहे. मेव्हण्याच्या कंपनीतल्या मुलांनी तो एकदा तपासून दिला, पैसे घेतले नाहीत. त्यात एकही त्रुटी नाही. मी चार वेळा शोधली. विशेष बाब म्हणून तो वर पाठवण्यासाठी आपली शिफारस पुरेशी आहे. तो मंजूर झाल्यास जुने स्टूल आपोआप रिकामे होईल आणि नवे घ्यावे लागणार नाही. कार्यालयाची बचत होईल.

१७. हे भासाचे प्रकरण आहे असे आपणास वाटेल. मलाही वाटत होते. परंतु परवा दुपारी पत्नी माझा विसरलेला चष्मा घेऊन आली. मी त्या वेळी आत हेडक्लार्कांसमोर बसलो होतो, ते साक्षीदार आहेत. बाहेर आलो तर ती खिडकीशी उभी होती आणि कित्येक महिन्यांनी हसत होती. म्हणाली, "जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. कधी शिकलात हो?" मी विचारले, काय?

"शीळ," ती म्हणाली.

महोदय, मला शीळ घालता येत नाही. कधीच आली नाही. तरी स्टूल मंजूर व्हावे, ही विनंती.

आपल्याच शाखेत राहिलेला,
(सही)
वरिष्ठ लिपिक, खिडकी क्र. ३

दि. १४ ऑक्टोबर

सोबत:
१) जुन्या स्टुलाचे छायाचित्र (स्टूल दिसते, बसलेले दिसत नाहीत).
२) सुतार व शिपाई यांनी मिळून दिलेला दराचा अंदाज.
३) काकूंचा प्रस्ताव, दुसरी प्रत, पहिली आपल्या टेबलावर इतर कागदांखाली गेली असल्यास.