चार किलो जास्त

काका,

परवा मैदानावर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "पोट सुटलंय याचं, हा काय धावणार?" आणि शर्यतीआधीच निघून गेलात. म्हणून सांगतो, पाच हजार मीटर मी जिंकलो. चार किलो वाढवून जिंकलो.

"हलका तोच पळतो" हा तुमचा मंत्र मी कॉलेजात आल्यापासून पाळला. सरावाआधी कोरा चहा, रात्री नुसती काकडी. आधी वेळ सुधारली. मग शेवटच्या फेऱ्यांत पाय शिशाचे व्हायला लागले, झोप उडाली, भर उन्हात थंडी वाजू लागली. शेवटी नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली.

डॉक्टरीणबाईंनी पायाआधी ताटाची चौकशी केली. म्हणाल्या, "खाल्लेलं सगळं धावण्यातच जळतंय. हाडांच्या डागडुजीला उरतं काय?"

हाड जुळल्यावर सरावाआधी केळी आणि पाव, सराव संपल्यासंपल्या दूध-अंडी, दोन्ही वेळा ताटभर भात. वजनकाट्याची भीती वाटायची, तरी खात राहिलो. परवा शेवटच्या फेरीत बाकीचे ढेपाळले, तेव्हा माझ्या पायांत जोर शिल्लक होता.

हे पत्र टपालात टाकणार नाही, स्वतः हातात देईन. रविवारी येतोय, तुमच्यासमोर बसून पोटभर जेवणार आहे. विशीत तुमचीही नडगी अशीच गेली, धावणं सुटलं. घरात अजून सगळे म्हणतात, तुमची हाडंच कच्ची. तुम्हीही तेच मानता.

हाडं कच्ची नव्हती, काका. तुम्ही उपाशी होतात.

तुमचाच,
वजनदार पुतण्या