आईच्या फोटोखालच्या पाच रिकाम्या जागा

६ एप्रिल, सोमवार. सकाळी ८.१०
आईचा फोन. तीस तारखेला ती निवृत्त होते आहे. त्या दिवशी तिच्या फोटोखाली चार ओळी मी लिहाव्यात, शाळा त्या आपल्या पेजवर शेअर करणार. हेडबाई स्वतः लिहायला तयार होत्या, पण आईनेच सांगितलं म्हणे, माझा मुलगा लिहील, त्याचं तेच काम आहे.

योग्य माणूस पकडला. नऊ वर्षं एजन्सीत कॅप्शन लिहितोय. गादीच्या कंपनीसाठी लिहिलेल्या माझ्या सहा शब्दांवर लोक रडले होते. गादीवर रडवू शकतो, तर आईवर रडवायला कितीसा वेळ? दहा मिनिटं.

काही विचारायचं असेल तर विचार, म्हणाली. म्हटलं, सरप्राइज आहे.

९ एप्रिल, गुरुवार
बायकोला तंत्र समजावून सांगितलं. पहिल्या सव्वाशे अक्षरांनंतर ‘आणखी पहा’ येतं. वाचणाऱ्याला तिथे बोट दाबायला लावणं हीच सगळी कला. म्हणून पहिली ओळ छोटी हवी, आकड्याने सुरू झालेली हवी, आणि हॅशटॅग तीनच. जास्त लावले की लग्नाच्या गाडीसारखं दिसतं.

बायकोने विचारलं, आकडा किती? आईंची किती वर्षं झाली? म्हटलं, तीसेक. मग विचारलं, त्या नक्की काय शिकवतात? म्हटलं, सगळंच, शिक्षिका आहे ती. (मी दुसऱ्या शाळेत होतो. मला कसं माहीत असणार?) बायको उठून कुकर लावायला गेली. तिला आमच्या क्षेत्रातलं कळत नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार. दुपारी
मीटिंगमध्ये आईचा फोन. शाळेतलं कपाट रिकामं करताना तिची शेऱ्यांची वही सापडली म्हणे. प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिण्याआधी ती तो वहीत कच्चा लिहायची. वर्गात चाळीस मुलं, तर चाळीस वेगळे शेरे. एक शेरा लिहायला आठवडाभर त्या मुलाकडे लक्ष ठेवावं लागायचं, म्हणाली.

चाळीस कॅप्शन, आणि प्रत्येकाला एक आठवडा! आमच्याकडे असती तर पहिल्याच महिन्यात नारळ मिळाला असता. फोटो पाठव म्हणालो आणि ठेवला. फोटो लगेच आला. फळ्यासमोर उभी, हातात खडू, कॅमेऱ्याकडे लक्षच नाही. चांगला आहे. कोणी काढला कोण जाणे.

२३ एप्रिल, गुरुवार
झालं. सांगाडा तयार.

‘____ वर्षं. ____ हा विषय. आणि एकच आई. वर्गातलं तिचं नेहमीचं वाक्य: ____. तिला सगळ्यात जास्त राग येतो तो ____ याचा. आणि उद्यापासून तिला करायचं आहे ____.’

काय लय आहे! मजकूर काय, कुणीही भरेल. फोटो लावला, शाळेच्या पेजला टॅग केलं, ३० तारीख, सकाळी ११ ची वेळ लावून शेड्यूल केलं. आता मी मेलो तरी पोस्ट जाणार. यालाच प्लॅनिंग म्हणतात.

२७ एप्रिल, सोमवार
बायको म्हणाली, मी विचारू का आईंना? सक्त मनाई केली. आईबद्दलची माहिती आईकडूनच काढायची म्हणजे हात दाखवून अवलक्षण. मुलाला इतकं ठाऊक असायलाच हवं. आठवेल.

२९ एप्रिल, बुधवार
गादीवाल्यांची नवी उशी बाजारात येते आहे. दिवसभर उशी. तिचे अठरा गुण तोंडपाठ झाले.
आईचा फोन. झालं का लिहून, एवढंच विचारलं. केव्हाच झालं, म्हटलं. उद्या निरोप समारंभाला शाळेच्या सभागृहात बसल्या बसल्या भरीन. पाच तर जागा आहेत.

३० एप्रिल, गुरुवार. दुपारी २.२०
सभागृहाच्या दारात टोपली. तीत सगळ्यांनी मोबाईल ठेवायचे. आईच्या वर्गाचा हा नियम होता म्हणे, आणि आज तिच्या मानाखातर हेडबाईंपासून सगळ्यांना तोच लागू. मी म्हटलं, महत्त्वाचं काम आहे. टोपली धरणारे शिपाईकाका म्हणाले, बाईंच्या तासाला सगळे हेच म्हणतात.

अकरा वाजले तेव्हा हेडबाई बोलत होत्या. मी पहिल्या रांगेत. भिंतीवरच्या घड्याळाकडे इतकं बघितलं की आईला वाटलं मला कंटाळा आला. 

पाऊण वाजता मोबाईल हातात आला. पोस्ट गेली होती. रिकाम्या जागांसकट. खाली चारशे बारा कॉमेंट.

लोकांना वाटलं, बाईंच्या निरोपाला मुद्दाम रिकाम्या जागा भरायला दिल्या आहेत. सगळा माजी विद्यार्थीवर्ग पेपर सोडवायला बसला होता. चौतीस. आधी भूगोल, मग गणित. नेहमीचं वाक्य: ‘उत्तर चुकलं तरी चालेल, रीत दाखव.’ राग: दुसऱ्याच्या वहीतून उतरवणाऱ्याचा. एका डॉक्टरने तिचा शेरा शब्दशः लिहिला होता, एकवीस वर्षांपूर्वीचा. हेडबाईंनी माझी पाठ थोपटली, कल्पना शिक्षकाच्याच मुलाला सुचणार, म्हणाल्या.

मी नम्रपणे मान हलवली. खरं तर आत कुठेतरी मला हेच करायचं असणार. एवढा प्रतिसाद उशीला आला नव्हता.

एक गोष्ट लक्षात आली. पाचवी जागा कुणीच भरली नव्हती.

१ मे, शुक्रवार. सकाळी
पोस्ट सुधारून टाकावी का? आई म्हणाली, खोडायचं नाही, मुलांनी मेहनत केली आहे. ठीक. म्हणून पूर्ण मजकूर वेगळ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिला. जागा कॉमेंट बघून भरल्या. पाचवीत ‘आराम’ लिहिलं. निवृत्त माणसं दुसरं काय करतात? फ्रेम केली. गादीवाल्यांची फ्रेम शिल्लक होती, छान बसली.

२ मे, शनिवार. दुपारी ४
आईकडे जाऊन आलो.

तिने फ्रेम उघडली, कागद बाहेर काढला आणि लाल पेन शोधलं. मी म्हटलं, अगं भेट आहे ती. हो, बघते ना, म्हणाली. पहिल्या चार उत्तरांना कंस केला आणि बाजूला लिहिलं: उतरवलेले. पाचव्यावर काट. खाली: दहापैकी एक. एक कशाचा, विचारलं. अक्षराचा, म्हणाली.

मी समजावायला गेलो की उत्तरं तर बरोबर आहेत. तर म्हणाली, रीत कुठे आहे? चौतीस वर्षं रोज संध्याकाळी मी याच खुर्चीत वह्या तपासल्या. समोर तू होतास. महिनाभर मी तुला फोन करत होते. शेवटचं उत्तर मुलांना येणं शक्यच नव्हतं. ते मी कुणाला सांगितलेलंच नाही. मला वाटलं, निदान ते तरी तू विचारशील.

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं, आणि त्याच्यासाठी चांगली ओळ सुचली नाही.

मग विचारलं, काय करायचं आहे तुला? म्हणाली, वेळ संपली, पेपर दिलास. पण तिच्याकडे फेरपरीक्षा असते. उद्या सकाळी दहा वाजता. मोबाईल दारातल्या टोपलीत. टोपली शाळेने तिलाच दिली आहे.

संध्याकाळी ७
वही आणली. पहिल्या पानावर प्रश्न लिहायला घेतले. पहिला: तुझा फळ्यासमोरचा तो फोटो कोणी काढला?

दुसऱ्यावर अडलोय. बायकोला विचारलं, तू काय विचारलं असतंस? तिने माझ्या हातातली वही बंद केली आणि म्हणाली, उतरवायचं नाही.