माझ्या नावावर खपवलेली इच्छा

९ जानेवारी

माझ्या नातीनं, ठकीनं, आज जेवताना सांगून टाकलं. चिरंजीवाचा घास हातातच राहिला, सूनबाईंचा ताटात. मी जेवत होते. अन्नावर राग काढायची सवय मला नाही.

"मला लग्न करायचं नाही. मूलही नको. आत्ता नको असं नाही म्हणत मी. नकोच."

आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नाही. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी ताठ बसायची म्हणून मीच तिला ठकी म्हणायला लागले. एकतीस वर्षांची झाली तरी बसते तशीच.

चिरंजीव हसला. माझ्या मुलाला पेच पडला की हसू येतं, बापावर गेलाय. म्हणाला, "कोणी आहे का? असेल तर सांग, आम्ही काही जुन्या वळणाचे नाही." ती म्हणाली, कोणी नाही. मग सूनबाईंनी हळूच विचारलं, "कोणी... मुलगी आहे का?" ठकी म्हणाली, "आई, असती तर तेही सांगितलं असतं. कोणीच नाही आणि मला बरं वाटतंय."

बरं वाटतंय, हेच दोघांना सहन झालं नाही. रडली असती तर जवळ घेतलं असतं.

हा फोन तिनंच शिकवलाय. गोल बटण दाबायचं, बोलायचं, तो लिहितो. मला अक्षर येत नाही, तेव्हा तो काय लिहितो ते त्यालाच ठाऊक. उलट न बोलता ऐकून घेणारं या घरात तेवढंच आहे.

१२ जानेवारी

तीन दिवस प्रश्नांची सरबत्ती. ऑफिसात काही झालं का? कोणी फसवलं का? डॉक्टरला दाखवायचं का? एकदा तर चिरंजीव म्हणाला, "रक्त तपासून घेऊ." नको म्हणणं रक्तात उतरतं म्हणे! दिवसभर चष्म्याच्या दुकानात बसून लोकांना 'हे अक्षर दिसतं का, ते दिसतं का' विचारतो. घरी पोरगी समोर बसली तर दिसत नाही.

सूनबाईंचं वेगळंच. त्या एकच वाक्य धरून बसल्यात. "आमचं काय चुकलं?" ठकी सांगून थकली की तुमचं काही चुकलं नाही. तर म्हणतात, "मग आमच्याकडे बघून तुला हे नको का वाटलं?"

१३ जानेवारी

खोटं कशाला बोलू, मला पणतू हवा होता. मांडीवर घ्यायला. तीस वर्षं लाँड्रीत इस्त्री केली, बारक्या पोरांचे कपडे आले की ते मी शेवटी ठेवायचे, गोड म्हणून. पण मला हवं म्हणून तिनं जन्माला घालावं? मग मला आंबट हवं असलं की तिनं दात आंबवून घ्यावेत.

१९ जानेवारी

घरात अबोला. म्हणजे सूनबाईंचा लेकीशी. बोलायचं ते माझ्यामार्फत. "आई, तिला सांगा दूध तापवून ठेवलंय." ती दोन हात अंतरावर उभी! मी म्हटलं, मला पोस्टमन केलंत तर पगारही द्या. ठकी हसली. सूनबाई आत गेल्या.

रात्री तिच्या उशाशी फोन वाजत असतो. बिचारी ठकी. आई तोंडानं बोलत नाही पण फोनवर दुसऱ्यांच्या बाळांची चित्रं पाठवते. कुठलं अंगठा चोखतंय, कुठलं शिंकतंय. खाली काही लिहीत नाही. नुसती बाळं.

आत्यानं, म्हणजे माझ्या लेकीनंही दूरवरून फोन करून सुनावलं. "म्हातारपणी कोण बघणार तुला?" मी फोन हिसकावला. म्हटलं, बये, मी तीन पोरं वाढवली, बघतोय एक. उरलेली दोघं फोनवर सल्ला देतात. तू बघणाऱ्यांतली की सल्ल्यातली? ठेवला तिनं.

२७ जानेवारी

आज डोकं फिरलंय माझं.

ठकी लिफ्टच्या टपावर उभी होती. तिचं काम तेच, लिफ्टची तपासणी. लिफ्टच्या आत नाही, वर, छपरावर उभं राहून दोर बघायचे, ब्रेक बघायचा. तिथं काम करताना फोन बंद ठेवतात. ती खाली उतरली, चालू केला, तर अनोळखी माणसाचे चार निरोप. "तुमची माहिती आवडली. आईबाबा भेटायचं म्हणतात."

माहिती! चिरंजीवानं लग्नाच्या साइटवर तिचं नाव टाकलंय. फोटो पाच वर्षांपूर्वीचा, केस लांब होते तेव्हाचा. काम लिहिलंय 'इंजिनिअर', टप-बिप काही नाही. आणि 'कुटुंबवत्सल, मुलांची आवड'. वरून दोन आठवडे तिच्या नावानं उत्तरं देत होता, शेवटी नंबरही तिचाच देऊन टाकला. बाप मुलगी होऊन परक्या पुरुषांशी गप्पा मारत होता, विचार करा!

ठकीनं ओरडावं तरी. शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही तिला काय काय आवडतं म्हणून लिहिलंत ते मला वाचून दाखवा. ओळख तरी होऊ दे."

संध्याकाळी ती बॅग घेऊन गेली. कामाजवळ खोली घेतलीय. दारात मला म्हणाली, "आजी, तुझ्यासाठी कधीही येईन. यांच्यासाठी नाही." हे चिरंजीवानं ऐकलं. बरं झालं असं तेव्हा वाटलं.

२ फेब्रुवारी

जेवण जात नाही. रागानं पोट भरलेलं असतं. चिरंजीव दोनदा तपासायला घेऊन गेला. साखर बघायची म्हणे. साखर बघायला एवढी मोठी मशीन लागते होय? मला नळीत घालून आणलं.

५ फेब्रुवारी

माझी इस्त्री काढून घेतली! हात भाजेल म्हणतात. तीस वर्षांत भाजला नाही तो आता भाजणार. कॉलर आधी उलट बाजूनं, टोकाकडून मध्ये, हे या घरात दुसऱ्या कोणाला येत नाही. चिरंजीव आता चुरगळलेल्या कॉलरनं दुकानात जातो. जा म्हटलं.

खाटही हलवली, मोरीजवळच्या खोलीत. मला विचारलं कोणी? मी काय कपाट आहे?

११ फेब्रुवारी

आता सगळं कळलं. खाट का हलवली, इस्त्री का नेली, तपासण्या कशाला. नाटकाचा सेट लावत होते!

आज दुपारी मी पडले होते. बाहेर पाहुण्यांचे आवाज. एक बाई, तिचा मुलगा. मुलाचा आवाज बिस्किट खाताना येतो तसा. तेवढ्यात धाडकन दार उघडलं आणि ठकी. कामाचे जाड बूट, हाताला ग्रीस, धापा टाकत. "आजी कुठाय? आजीला काय झालं?"

चिरंजीवानं तिला फोन केला होता. "आजीचं काही खरं नाही, लगेच ये."

ती माझ्या खोलीत आली, मी उठून बसलेली. माझ्याकडे बघितलं. बाहेर त्या दोघांकडे बघितलं. तिच्या तोंडावरचा रंग गेला. आणि चिरंजीव दारात उभा राहून पाहुण्यांच्या देखत म्हणतो, "आजीची शेवटची इच्छा आहे ठके. तुझं लग्न डोळ्यांनी बघायचं. एवढं तरी कर तिच्यासाठी." आवाज काय कापत होता! डोळ्यांत पाणी सुद्धा. शाळेच्या गॅदरिंगला झाड व्हायचा हा, एक वाक्य धड येत नसे. आता कुठून शिकला?

मी उठले. पदर खोचला. बाहेर जाऊन खुर्चीत बसले. म्हटलं, "शेवटची इच्छा माझी ना? मग मला सांगू दे. दुसऱ्याच्या तोंडून इच्छा आणि दुसऱ्याच्या पायातलं पायताण, दोन्ही चावतात."

चिरंजीव म्हणाला, "आई, तू आत पड."

"गप. माझी शेवटची इच्छा ही, की ठकीला या विषयावर या घरात पुन्हा कोणी एक शब्द विचारायचा नाही. आज नाही, मी असताना नाही, मी गेल्यावरही नाही. तिला तिच्या मर्जीनं जगू द्यायचं. आता सगळ्यांच्या देखत हो म्हण. शेवटची आहे म्हणालास, मोडायची नसते."

पाहुणी बाई उभी राहिली. मुलगा उठला, आणि जाता जाता ठकीला विचारतो, "आमच्या बिल्डिंगची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर हिसका देते. त्याचं काय असेल?" ती म्हणाली, "दाराचं कुलूप घासत असेल. सांगा तिथल्या माणसाला." तेवढंच बोलणं त्या दोघांचं. भलं पोरगं.

मी चिरंजीवाकडे बघत होते. तो म्हणाला, "हो." आणि मोरीत जाऊन नळ मोठा सोडला.

ठकी थांबली नाही. माझ्या गालाला ग्रीस लावून गेली. म्हणाली, "पुन्हा त्यांनी तुझं नाव काढून बोलावलं तर मी येणार नाही. तूच फोन कर. तूच बोल."

१४ फेब्रुवारी

सूनबाई कपड्यांच्या घड्या घालत माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "आई, मला वाटायचं ती मला नापास करतेय. मी जे सगळं केलं, ते करण्यासारखं नव्हतंच असं सांगतेय."

मी म्हटलं, "तिनं स्वतःचा पेपर लिहिला. तुमचा तपासायला घेतलाच नाही."

त्या हसल्या. महिन्यानं. मग एकाएकी माझा हात धरून रडायला लागल्या. मी म्हटलं, झालं ते झालं. तर आणखीच रडल्या. काय बाई हळवी!

लेकीला त्यांनी आज फोन केला. बाळाचं चित्र नाही. "जेवलीस का?" एवढंच.

चिरंजीवाशी मी बोलत नाही. तो रोज येऊन पायाशी बसतो. बसू दे.

१८ फेब्रुवारी

आज दवाखान्यात चिरंजीव गाडी लावायला गेला, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, साखर किती? त्या म्हणाल्या, "आजी, मुलानं तुम्हाला काही सांगितलं नाही?" मग त्यांनी सांगितलं. यकृतात आहे, पसरलंय. उन्हाळा धरून चालू नका. त्याला फेब्रुवारी लागता लागताच कळलं होतं.

म्हणजे नाटक नव्हतं. अर्धंच खोटं बोलला. मरण माझं होतं, इच्छा त्याची.

राग गेलेला नाही. थोडाच वेळ आहे, पुरवून वापरेन. आता ठकीला फोन मलाच करायला हवा, दुसऱ्या कोणाचं ती ऐकणार नाही. आणि शेवटची इच्छा तर मी भर पाहुण्यांत खर्चून बसले. बरं झालं. चुकीच्या जागी गेली नाही.