डावऱ्याची साक्ष

३ जून, सोमवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. संकल्प एकच: हात उचलायचा नाही. तसा मी उचलतच नाही. शनिवारी नातीला बसली ती चापट होती. नऊ वर्षांच्या मुलीला सातचा पाढा येत नसेल तर हात आपोआप जातो. तिचं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं, तो चौकटीचा दोष. दोन टाके. सूनबाई स्वतः हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, रोज बाटल्या भरून रक्त बघते, पण दोन टाक्यांचं केवढं कौतुक! म्हणाली, बाबा, पुन्हा एकदा हात उचललात तर आम्ही तिघं दुसरीकडे राहायला जाऊ. मुलगा खाली मान घालून उभा. त्याला मीच शिस्तीत वाढवलंय.

दुपारी ३.
उपाय सापडला. साक्षीदार आणायचा. माझा मार खाऊन मोठा झालेला माणूस सूनबाईसमोर बसवायचा आणि त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं. असा एकच: माझ्या वर्गातला डावऱ्या. डाव्या हाताने लिहायचा, म्हणून नाव मीच ठेवलं. दीड वर्षात त्या हातावर चार लाकडी पट्ट्या मोडल्या. शेवटी लागला उजव्याने लिहायला. आज पूल बांधतो. पेपरात फोटो होता, पुलावर हेल्मेट घालून. तो पूल निम्मा माझाच म्हणायचा.

४ जून, मंगळवार.
डावऱ्याच्या कंपनीच्या वेबसाइटवर सगळ्यांसाठीचा ई-मेल पत्ता मिळाला. विषयात लिहिलं, ‘महत्त्वाचे!!! त्वरित!!!’ खाली: ‘चि. डावऱ्या, रविवारी पाचला माझ्या घरी ये. उशीर चालणार नाही. सर.’ कोणते सर ते सांगायची गरज नाही. सोबत वर्गाचा जुना फोटो स्कॅन करून जोडला. कंप्युटर म्हणे, फाइल फार मोठी आहे. पुन्हा जोडला. पुन्हा तेच.
शेवटी फोटोशिवाय पाठवलं. माऊस फुटला. राग वगैरे नाही, प्लॅस्टिक हलकं होतं.

६ जून, गुरुवार.
उत्तर नाही. सकाळपासून बत्तीस वेळा पाहिलं.
मुलाने पाहून सांगितलं, बाबा, तो पत्ता ऑफिसचा आहे, उघडणारा कोणी वेगळाच. नाव नाही, फोन नंबर नाही, नुसती उद्गारचिन्हं. स्पॅममध्ये गेला असणार. मग त्याने कागदावर लिहून दिलं: त्याचा स्वतःचा पत्ता मिळवा, विषयात काम लिहा, कोण, कोणती शाळा, कोणती बॅच ते लिहा, दोन-तीन वेळा सुचवा आणि त्याची सोय विचारा. गुरूने शिष्याची सोय विचारायची! कचऱ्याच्या डब्याला लाथ घातली. अंगठ्याचं नख काळंनिळं. डबा लोखंडी निघाला.

७ जून, शुक्रवार.
कंपनीत फोन केला. रिसेप्शनवरच्या बाईने आधी माझं नाव, काम, नंबर सगळं विचारलं, मग एकेक अक्षर करून पत्ता सांगितला. मुलाच्या कागदाप्रमाणे मेल लिहिला. विषय: ‘तुमचे गणिताचे सर, भेटीबाबत’. मिनिटभरात परत आला, पत्ता अस्तित्वात नाही म्हणून. नाव आणि आडनावाच्या मधलं टिंब राहिलं होतं. की-बोर्डवर मूठ आपटली, स्पेसबार उडून कपाटाखाली गेला. काठीने काढला, चिकटपट्टीने बसवला, टिंब दिलं. गेला.
दोन सेकंदांत उत्तर! सोमवारपर्यंत मी कार्यालयात नाही, असं लिहितो. माझा धाक अजून आहे. पण कार्यालयात नाही तर लिहितोय कुठून? तसं खडसावून विचारलं. मुलगा म्हणाला, बाबा, ते मशीन आपोआप पाठवतं. मुलाकडे बघितलं. तो दोन पावलं मागे सरकला. उगाचच.

११ जून, मंगळवार.
आलं! शब्दशः उतरवतो.
‘सर, नमस्कार. तुमचं नाव वाचून खुर्चीतून उठलो. पस्तीस वर्षं तुम्हाला भेटायचं मनात आहे. एक गोष्ट विचारायची आहे. घरी नको. स्टेशनसमोरच्या कॅफेत, रविवारी १६ तारखेला, पाच ते साडेपाच. चालेल का?’
खुर्चीतून उठला! याला म्हणतात संस्कार. घर नको म्हणतो, आम्हाला चहा करायचा त्रास नको म्हणून असेल.
लगेच कळवलं, चालेल. सोबत सूचना: ‘माझी सून येईल. तिच्यासमोर सांगायचं, मार खाल्ला म्हणून घडलो. पट्ट्यांचा उल्लेख जरूर यावा. सात-आठ वाक्यं पुरेत. पाठ करून ये.’
संध्याकाळी त्याच मेलच्या उत्तरात त्याने कॅलेंडरचं निमंत्रण पाठवलं, खाली हो, नाही आणि कदाचित अशी बटणं. ‘हो’ तीनदा दाबलं. मग ते निमंत्रण सूनबाईला फॉरवर्ड केलं. वर एकच शब्द: वाच.

१२ जून, बुधवार.
फॉरवर्ड केलं की खालच्या जुन्या मेलांची सगळी माळ सोबत जाते, हे कोणी सांगायला नको? सूनबाईने सूचनाही वाचल्या. भाजी चिरत होती. सुरी थांबली नाही, उलट वेग वाढला. म्हणाली, येते. पोरीलाही आणते.
म्हणजे अर्धी लढाई जिंकली. आनंदात एक माशी चपलेने मारली. दिव्याची काच गेली.

१५ जून, शनिवार.
डावऱ्यासाठी भेट घेतली: नवी लाकडी पट्टी, तीस सेंटिमीटर. तळहातावर मारून पाहिली. आवाज तोच. रंगीत कागदात गुंडाळली. मुलगा उद्या येत नाही म्हणतो. त्याला आवाज ऐकू गेला असावा.

१६ जून, रविवार. संध्याकाळी ७.
सविस्तर लिहायला हवं. वेटर फार ढिला होता, सगळं त्यामुळे झालं.
डावऱ्या आधीच येऊन बसलेला. केस पिकलेत. पन्नाशीचा. उठून नमस्कार केला. कप उजव्या हाताने धरला, ते मी सूनबाईला डोळ्यांनी दाखवलं. डावा हात टेबलाखाली. नात त्याच्या शेजारी, कपाळावर टाक्यांची खूण. त्याने तिला विचारलं, काय लागलं? ती म्हणाली, दार.
मग मी म्हटलं, हं, सुरू कर.
तो म्हणाला, सर, पाठ नाही केलं. एवढंच विचारायचं होतं. चौथी पट्टी मोडली तेव्हा माझ्या बोटातून रक्त येत होतं. तुम्ही वर्गाकडे बघून हसलात. का हसलात?
आवाज अगदी साधा. पाणी हवं होतं. वेटर पलीकडे पाठ करून उभा, म्हणून त्याला बोलवायला मी हात वर केला.
फक्त हात.
डावऱ्याने डोकं खाली घातलं आणि डावा हात डोक्यावर घेतला. डावाच. त्याच क्षणी शेजारी नातीनेही तसंच केलं. दोघांची कोपरं एकाच उंचीवर. पन्नाशीचा माणूस आणि नऊ वर्षांची पोर.
वेटर पाणी घेऊन आला. कोणी प्यायलं नाही.
डावऱ्या आधी सावरला. नातीचा हात त्याने हळूच खाली केला. सूनबाई माझ्याकडे बघत नव्हती, त्या दोघांकडे बघत होती. मी म्हटलं, मी हात उचलला नाही, वर केला. ती म्हणाली, हो बाबा, बघितलं मी.
पट्टी द्यायची राहिली.

२२ जून, शनिवार. दुपारी ४.
तिघं सकाळी गेले. टेम्पोत सामान मुलाने एकट्याने चढवलं. मला वाकून नमस्कार केला तो हातभर लांबून.
घरात आता फोडायला फारसं काही उरलेलं नाही.
डावऱ्याचा मेल चार दिवसांपूर्वी आलाय. एकच ओळ: ‘सर, उत्तर राहिलं.’
त्याखाली लिहिलं: विषय असा होता की वर्गाला शिस्त... खोडलं. लिहिलं: मी हसलोच नव्हतो. खोडलं. स्पेसबार पुन्हा निघाला, हाताने धरून लिहिलं: मला ते आवडायचं.
पाठवलं नाही. मेलची खिडकी बंद केली. कोपऱ्यात आपोआप अक्षरं आली, मसुदा जतन केला आहे.