जोडकार्डाचं कोरं अर्ध

आई,

आज कचेरीतून आलो तर उंबऱ्यात एक कार्ड पडलेलं. एका सोबत्याचं. "एक काम आहे, कराल ना?" एवढंच. काम कोणतं, त्याचा उल्लेखच नाही. मला हसू आलं आणि लगेच तू आठवलीस.

कितीतरी वर्षांपूर्वीची ती रविवारची सकाळ डोळ्यांपुढे आहे. ठाण्याच्या त्या दोन खोल्यांत तू चुलीपाशी कुळीथ निवडत बसली आहेस. मला कचेरीच्या दप्तरखान्यात कारकुनी मिळून वर्षही झालेलं नाही, आणि आपल्या दोघांचं पोट त्या नोकरीवर आहे. कल्याणहून माझ्या शाळासोबत्याचं जोडकार्ड आलंय, म्हणजे उत्तराचं अर्ध त्यानेच कोरं जोडून पाठवलेलं. मी तुला वाचून दाखवतो: "माझे एक काम तुझ्याच हातून होण्यासारखे आहे. नाही म्हणू नये. उलट टपाली होय कळवावे."

मी दौत पुढे ओढली. कल्याणला शिकताना मी वार लावून जेवत होतो, आणि मंगळवार त्याच्या घरचा होता. त्याची आई मला त्याच्याच शेजारी पाट मांडायची. अशा माणसाला कसले प्रश्न विचारायचे? "काम झालेच समज" असं लिहायचं मी ठरवून टाकलं होतं.

"काम काय म्हणतोय?" तू विचारलंस.

"ते लिहिलं नाहीये."

"मग तू होय कशाला म्हणतोयस?"

मी चिडलो. म्हटलं, "आई, त्यांच्या घरचं अन्न खाल्लंय मी."

"म्हणून तर म्हणते. आज होय म्हणशील, उद्या जमलं नाही की तोंड लपवत फिरशील. त्यापेक्षा आधी विचारावं. आणि त्याला लगेच वाईट ठरवू नकोस हो. कार्ड उघडं असतं, टपालवालासुद्धा वाचतो. घरातलं काही असेल, लिहायला लाजला असेल. बंद पाकिटात लिही म्हणावं."

"आणि कोणी आजारी असेल तर?"

"तर 'तेवढंच कळव, मी तसाच निघतो' असं लिही. दुखण्याला काम काय म्हणून कशाला विचारायला हवंय?"

तुला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण ते उत्तर तूच सांगितलंस आणि मी सोबत्याला लिहीत गेलो: तुझं कार्ड पोचलं, आठवण काढलीस, बरं वाटलं. घरी दुखणं असेल तर नुसतं "ये" लिही. दुसरं काही असेल तर काम काय, कधीपर्यंत हवं, माझ्याकडून नेमकं काय हवं, ते पाकिटातून कळव, नाहीतर येत्या रविवारी इकडे ये. वाचल्याबरोबर जमेल की नाही ते सांगेन, म्हणजे न जमल्यास दुसऱ्या कोणाला विचारायला तुला वेळ राहील. मी सवयीने "नक्की" लिहिलं, वाचून दाखवलं, तर तू म्हणालीस, "नक्की काय? काही ठरलंय का अजून? खोड ते." मी खोडलं. कार्डावर डाग पडला म्हणून कुरकुरलोही.

चार दिवसांनी पाकीट आलं. त्याच्या काकांशी शेताच्या बांधावरून वाद होता आणि हद्दीचा जुना कागद आमच्या दप्तरात होता. तेवढा एक दिवस घरी घेऊन ये, पाहून परत देतो, कोणाला कळायचं नाही, असं त्याने लिहिलं होतं. दप्तरातला कागद बाहेर नेला तर नोकरी जाते आणि बेड्याही पडतात. त्याच्या मनात पाप नव्हतं, त्याला दप्तर म्हणजे माझ्या घरचं कपाट वाटत होतं.

मी लिहिलं, हे माझ्याकडून होणार नाही, पण तुला कागदात काय आहे तेच हवंय ना? नकलेसाठी रीतसर अर्ज कर. मसुदा मी लिहून देतो, अर्जावर सरकारी तिकीट किती लावायचं सांगतो. नक्कल उतरवतात, मुळाशी ताडून पाहतात, वर सहीशिक्का होतो, आणि वकिलाला तीच चालते. तो महिनाभर रुसला. मग आला, अर्ज केला, नक्कल घेऊन गेला. पुढे कितीतरी वर्षांनी मला म्हणाला, "तू तेव्हा एकदा होय म्हणाला असतास ना, तर मी तुला शब्दात धरला असता रे."

आजच्या कार्डालाही मी तसंच उत्तर लिहिलंय. सून म्हणाली, "मामंजी किती जपून लिहितात." पण ते सगळं तुझं आहे. फार उपकार आहेत तुझे, आई.

एक मात्र राहिलं. ते पाकीट मी तुला खरं वाचून दाखवलं नाही. "नक्कल हवीय त्याला" एवढंच म्हटलं. तू म्हणालीस, "एवढंच होतं? उगाच मी तुझ्या लिहिण्यात तोंड घातलं." त्यानंतर तू माझ्या पत्रांत कधी बोलली नाहीस. तू घाबरशील म्हणून सांगितलं नाही, असं मी स्वतःला समजावत आलो. पण खरं कारण वेगळं होतं. त्या दिवशी होय लिहून गेलं असतं, तर मी तो कागद आणला असता, आणि पाकीट वाचताना ते तुला माझ्या तोंडावर दिसलं असतं.