बुटक्याचं डुगडुगतं टेबल आणि दोन काळ

श्रीमान लांबोजीराव यांस,

बुटक्याचा उभ्याउभ्याच नमस्कार (वाकलो तर मी तुला दिसणारच नाही). तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही दोघं ठीक, म्हणजे तुझी वहिनी ठीक आणि मी तिच्या मते ठीक. तीन रविवार झाले, तुझा फोन नाही. मी केला तर दोनदा वाजून बंद पडतो. तो आपोआप बंद पडत नाही, कोणीतरी पाडतं, एवढं मला कळतं. बाकी मला सध्या काहीच कळत नाही, म्हणून हे पत्र.

तुला ठाऊक आहेच, दुकान विकल्यापासून मी आठवणी लिहितोय. लाकूड तासून झालं, आता डोकं तासायचं. आधी सगळं सरळ भूतकाळात लिहिलं. दुकान होतं, करवत होती, आपण होतो. मला ते झकास वाटलं. पहिला दणका घरातच बसला. 'माझी बायको फार हसरी होती' हे वाक्य तुझ्या वहिनीने वाचलं आणि चष्मा काढून विचारलं, "होती म्हणजे? आता काय झालं मला?" मी म्हटलं, अगं, लग्नाच्या वेळची गोष्ट आहे. त्यावर ती दोन दिवस हसली नाही, त्यामुळे वाक्य खरं ठरलं. दुसरा दणका तुला बसला. 'लांब्या दिलदार माणूस होता, सगळ्यांना हसवायचा' हे पान मुलीने शेजारच्या पोस्टमनकाकांना वाचून दाखवलं. त्यांचे डोळेच भरून आले. त्यांनी तडक तुझ्या घरी सांत्वनाला फोन लावला आणि तो तूच उचललास. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

मग मी ते बाड त्रैमासिकाच्या संपादिकाबाईंकडे नेलं. बाई हुशार आहेत, बोलतात हळू आणि खोडतात जोरात. म्हणाल्या, काका, तुम्ही सगळं लांबून सांगताय. वाचकाला त्या दुकानात उभं करा. वर्तमानकाळात लिहा. 'मी करवत उचलतो, भुसा नाकात जातो.' (तुझी वहिनी म्हणते, उभं कशाला, फर्निचरवाले ना तुम्ही, बसायला द्या त्याला.) मी घरी येऊन क्रियापदं बदलत बसलो, आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. सरसाचा वास आला. तू दारात वाकून आत येताना दिसलास. बाई चुकीचं सांगत नव्हत्या. फक्त एक पान टेबलावर राहिलं, 'माझ्या छातीत कळ येते. मी कोणाला सांगत नाही.' ते मुलीने वाचलं आणि अर्ध्या तासात डॉक्टर दारात. ती कळ मी तिशीत असतानाची, कपाट उचलताना आलेली. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, मग तसं लिहा ना. मी म्हटलं, तसंच लिहिलं होतं, बाईंनी बदलायला लावलं. त्यांनी माझं डोकंही तपासलं.

आता मुद्द्यावर येतो. येववत नाही, पण येतो. टेबलाचं प्रकरण. रोज सकाळी दुकान मी उघडायचो आणि ते जेवणाचं टेबल उजेडासाठी खिडकीपाशी ओढायचो. बघतो तर काय, एक पाय अधांतरी. की बाकीचे किंचित तासायचे. संध्याकाळी बंद तू करायचास, टेबल दाराशी सरकवायचास. तिथे तुला टेबलाचा दुसराच पाय अधांतरी दिसायचा. की तूही तासायचास. मला वाटायचं तू माझं काम बिघडवतोयस, तुला वाटायचं मी तुझं. गिऱ्हाईक आलं तेव्हा टेबल गुडघ्याला लागत होतं आणि ते म्हणालं, यावर जेवायचं तर आडवं पडून जेवावं लागेल. त्यानंतर आपण एकमेकांना जे बोललो ते बोललो, आणि तू हत्यारांची पेटी उचलून गेलास. (वर 'बघतो तर काय' लिहिताना मी भूतकाळातून वर्तमानात कधी घसरलो, कळलं का तुला? मलाही नाही. बोलताना आपण सगळेच घसरतो आणि कोणी बाई अडवत नाही.)

भूतकाळातल्या मसुद्यात या भांडणानंतर एक परिच्छेद होता. नवीन मालकाने फरशी बदलायला घेतली तेव्हा फरशीवाल्याने सपाटी बघायला पाणसळ ठेवली आणि तिच्या काचेतला बुडबुडा खिडकीपाशी एका टोकाला पळाला, दाराशी दुसऱ्या. लांब्या, फरशी उंचसखल होती रे. आपण जन्मभर टेबलांवर पाणसळ ठेवली, फरशीवर कधी ठेवली नाही. पाय ना तू बिघडवलास ना मी. हे तुला फोनवर सांगायचं कितीदा जिभेवर आलं, पण भांडणानंतर काही वर्षांनी फोन सुरू झाले तेव्हापासून रविवारच्या गप्पांत टेबलाचं नाव काढायचं नाही हे आपलं न ठरवता ठरलेलं. म्हटलं, छापूनच दाखवू, गड्याला गंमत वाटेल.

आणि वर्तमानकाळात तो परिच्छेद बसेना. बाईंनी नीट समजावलं होतं. आठवणींत दोन 'मी' असतात, एक भोगणारा, एक सांगणारा. भूतकाळात सांगणारा मधे येऊन म्हणू शकतो, 'तेव्हा मला कुठे ठाऊक होतं.' वर्तमानकाळात तो गप्प. करवत हातात असलेल्या बुटक्याला पुढची फरशी कशी दिसणार? मी इमानदारीने तो परिच्छेद उडवला. प्रकरण संपतं ते 'हा माणूस मुद्दाम करतोय. मी याचं तोंड पुन्हा बघणार नाही' इथे. आणि अंकात नेमकं तेवढंच प्रकरण छापून आलं. बाई म्हणतात, शेवट फार ताजा झालाय. झालाच. इतका ताजा की तुला वाटलं मी आजही तेच म्हणतोय.

मी बाईंकडे जाऊन रडगाणं गायलो. त्या म्हणाल्या, अहो, मिसळा की. भांडण वर्तमानात ठेवा, पण आत-बाहेर जायला दार ठेवा. भांडण संपलं की एक ओळ सोडा आणि 'आज लिहिताना वाटतं' म्हणून आजचा माणूस येऊ द्या. मी तसं केलं, तर आता करवत उचलणारा वर्तमान आणि पत्र लिहिणारा वर्तमान एकमेकांच्या पायात येतायत. तुझी वहिनी म्हणते, एकातला बुटक्या भांडतोय आणि दुसऱ्यातला रडतोय, ओळखायला काय अवघड आहे? मला मात्र अवघड जातंय. मला तुझी फार आठवण येते, हे कुठल्याही काळात घाल.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
बुटक्या

ता. क. : ते टेबल गिऱ्हाइकाने नेलं नाही, माझ्याच घरी आहे. जमिनीवर बसून त्यावरच लिहितोय. इथली फरशी सपाट आहे, म्हणून ते आता चारही बाजूंनी डुगडुगतं. एकाने धरायचं, एकाने तासायचं, असं काम आहे. एकट्याचं नाही.

आणखी ता. क. : पुस्तकाचं पहिलंच वाक्य अडलंय. 'लांब्या माझा मित्र' इथपर्यंत लिहिलं आणि पुढे 'आहे' घालू की 'होता', ते ठरेना. हे माझ्या हातात नाही, तू कळव.

शेवटचं ता. क. : तुझी वहिनी म्हणाली, क्रियापद लागतंच कुठे, पूर्णविराम दे आणि जेवायला ऊठ. दिला. पण नेमकं टेबल हललं आणि तो स्वल्पविरामासारखा दिसतोय. येऊन बघून जा.