चौथी ‘ब’चा अ‍ॅडमिन

१६ जून, सोमवार. संध्याकाळ
लेकीची, दुर्वाची, कुडाळातली शाळा सुरू. चौथी ब. पालकसभेला गेलो होतो. वर्गशिक्षिका किशोरी मॅडमनी सांगितलं, वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मी काढलाय, पण यंदा त्यात राहणार नाही. गेल्या वर्षी कुणीतरी त्यांना भर जेवणाच्या ताटावर गृहपाठ विचारून भंडावलं म्हणे. तुमच्यातलाच एक अ‍ॅडमिन नेमा. मी त्याला कळवीन, तो तुम्हाला कळवील.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बावीस वर्षं ओरोसच्या ऑफिसात आवक-जावक सांभाळतोय. कागद आत घ्यायचा, तपासायचा, नंबर टाकायचा, योग्य टेबलावर पोचवायचा. अ‍ॅडमिन म्हणजे दुसरं काय असतं?

पद मागायचं नाही असं ठरवलं. लोकच नाव सुचवतील. दहा मिनिटं थांबलो. नंतर मीच सुचवलं, सगळ्यांचा वेळ वाचावा म्हणून.

लोकांनी आणखी दोन नावं घेतली. विनीत, त्याचं फोटोचं दुकान आहे. आणि नम्रता धुरी, शाळेसमोर मेडिकल चालवते. बाई मनमिळाऊ आहे. पण मनमिळाऊपणा ही पात्रता नव्हे.

१८ जून
मॅडमनी ग्रुपवर पोल टाकला. अडतीस पालक, तीन नावं. दर अर्ध्या तासाला निकाल बघितला. कामावर परिणाम होऊ दिला नाही.

दुपारी तीन: नम्रता ३६, मी ३५, विनीत ३५.

अडतीस माणसांची एकशे सहा मतं! चौकशी केली. मॅडमनी ‘एकापेक्षा जास्त उत्तरं’ हे बटण बंदच केलं नव्हतं, आणि कुणी कुणाला मत दिलं ते पोलमध्ये नावानिशी दिसतं. उद्या बाजारात तोंड दाखवायचं, त्यामुळे सगळ्यांनी सगळ्यांना दिलं. एका पालकांना फोन करून विचारलं तर म्हणतात, कोणाक वायट वाटाक नको.

मला न देणारे तीन जण काढले. त्यात एक स्वप्ना. माझी बायको. घाईत बोट चुकलं असणार. विचारलं तेव्हा ती भाजी चिरत होती, चिरतच राहिली.

२० जून
विनीतने माघार घेतली. मॅडमनी मला आणि नम्रताला, दोघांनाही अ‍ॅडमिन केलं आणि ग्रुप सोडला.

रात्री जेवल्यावर सेटिंग्ज नीट वाचल्या. ग्रुप काढणारा जोवर ग्रुपमध्ये असतो तोवर त्याचं अ‍ॅडमिनपद कुणी काढू शकत नाही. मॅडम तर गेल्या. म्हणजे आता आम्ही दोघं सारखे. ती मला काढू शकते, मी तिला. जो आधी दाबेल तो. हे फक्त माहितीसाठी नोंदवून ठेवतोय.

चौदा कलमी नियमावली पीडीएफ करून टाकली. कुणीतरी खाली फुलं पाठवली. कलम तीनचा भंग. डिलीट केली.

८ जुलै, मंगळवार
काल संध्याकाळी नम्रताने ग्रुपवर एक पत्र फॉरवर्ड केलं. अतिवृष्टी, उद्या शाळांना सुट्टी. चौदा मुलं आज घरी राहिली. शाळा चालू होती!

मी पत्र मोठं करून बघितलं. तारीख गेल्या वर्षीची! दरवर्षी ही जुनी पत्रं पावसात बेडकांसारखी वर येतात. तिने सगळ्यांसमोर लिहिलं, माझी चूक झाली, तारीख बघितली नाय, माफ करा. लोकांनी लगेच हात जोडल्याची चित्रं टाकली. मला त्यांची कीव आली.

सकाळी ११.१०, चहाच्या सुट्टीत, ‘डिसमिस अ‍ॅज अ‍ॅडमिन’ दाबलं. वैयक्तिक आकस अजिबात नाही. ११.१२ ला ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात’ हेही चालू केलं. यापुढे अधिकृत पत्राशिवाय सुट्टी नाही. तारीख, सही, जावक क्रमांक, तिन्ही हवं.

दिवसभर ग्रुपवर एक अक्षर नाही. इतकी शिस्त मी ऑफिसातही पाहिली नाही.

१० जुलै
अकरा जणांनी खाजगीत मेसेज केले. बोलूक दी मरे, असं एकाने लिहिलंय. अर्ज करा म्हणून कळवलं आणि सगळ्यांचे खाजगी मेसेज म्यूट केले. नम्रताचे तीन फोन. उचलले नाहीत. चौथ्याला नंबर ब्लॉक केला.

चौघांनी ग्रुप सोडला. हल्ली कुणी सोडला की फक्त अ‍ॅडमिनलाच दिसतं, म्हणून बाकीच्यांत चलबिचल नाही. उरले चौतीस. कुणाची एकही शंका येत नाही, विश्वास बसलाय.

व्हॅनवाला गणपत दुर्वाला सोडताना म्हणत होता, आता सगळा बेस कळता, दुसऱ्या ग्रुपार. कुठला दुसरा ग्रुप, विचारलं तर गाडी वळवायला लागला.

१४ जुलै, सोमवार. संध्याकाळ ७.३०
दोन दिवस धो धो. रेड अलर्ट आहे. स्वप्ना कणकवलीला, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. तिचा फोन आला. उद्या शाळा बंद आसा, चेडवाक, दुर्वाक, धाडू नकात. म्हटलं, पत्र? म्हणाली, सगळे सांगतत. म्हटलं, सगळे म्हणजे कोण? जावक क्रमांक काय? ती म्हणाली, पत्र नाय तर नाय, माझ्यार तरी इश्वास ठेवा. मी समजावलं की हा विश्वासाचा प्रश्न नाही, कार्यपद्धतीचा आहे. फोन कट झाला. रेंज.

ग्रुपवर टाकलं: ‘अद्याप कोणतेही अधिकृत पत्र प्राप्त नाही. सबब उद्या शाळा नियमित. अफवांवर विश्वास ठेवू नये. – अ‍ॅडमिन.’

सगळ्यांनी वाचलं. एकाचीही हरकत नाही.

१५ जुलै, मंगळवार. सकाळ ८.१५
गणपतची व्हॅन नाही. फोन उचलत नाही. जरा पाऊस वाढला की ह्यांची दांडी. मीच स्कूटरवरून सोडणार. दुर्वाने दोनदा विचारलं, बाबा, आज खरंच शाळा आसा? म्हटलं, तुझा बाबा अ‍ॅडमिन आहे.

१०.०५. ऑफिस
भिजून पोचलो. हायवेवर पाणी साचायला लागलंय. शाळेचं गेट बंद होतं. शिपाईसुद्धा वेळेवर येत नाहीत. दुर्वा म्हणाली, गेटाक कुलूप आसा. मी म्हटलं, उघडतील, शेजारच्या शेडखाली उभी रहा, हलू नको. मला बायोमेट्रिक गाठायचं होतं. इतर मुलं दिसली नाहीत. आजकाल पालकांना वेळेचं भान नाही.

१०.३५
डाक आली. सात कागद. चौथा हातात घेतला. तारीख कालची, बरोबर. सही आहे. जावक क्रमांक आहे. स्टॅम्प मारला, आवक क्रमांक टाकला, रजिस्टरला चढवला. मग विषय वाचला.

‘अतिवृष्टीमुळे जिल्ह्यातील सर्व शाळांना दि. १५ रोजी सुट्टी.’

१०.४०
ग्रुपवर टाकलं: शाळेजवळ कोण आहे? दुर्वा गेटवर एकटी आहे. ताबडतोब कळवा.

१०.४४. बावीस जणांनी वाचलं. उत्तर नाही.

१०.४७. एकोणतीस. एकही उत्तर नाही. माणसं आहेत की दगड? इतके दिवस ह्यांच्यासाठी राबलो! मॅडमचा फोन लागत नाही. शाळेचा वाजतोय, उचलत कुणी नाही.

१०.५०. निघतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ
जे झालं ते लिहितो.

कुडाळला पोचायला पाऊण तास लागला. एके ठिकाणी स्कूटर बंद पडली, ढकलत नेली. डोक्यात एकच. मी तिला सांगितलं होतं, हलू नको. ती शहाणी पोर आहे, सांगितलेलं ऐकते. पाणी चढलं तरी ती तिथेच उभी राहील, बाबाने सांगितलंय म्हणून.

शाळेसमोरच्या रस्त्यावर गुडघाभर लाल पाणी. शेड रिकामी.

 मी हाका मारल्या. दुर्वा, दुर्वा गो! पावसात माझा आवाज मलाच ऐकू येईना. गेटला कुलूप, गटार कुठलं न् रस्ता कुठला कळत नव्हतं. पडलेल्या एका काठीने गटार चाचपायला लागलो. काय शोधतोय हे कळल्यावर काठी हातातून सुटली. मी रडत होतो. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कुणी वाचत नाही.

पुन्हा फोन काढला. माझा मेसेज तेहतीस जणांनी वाचलेला. खाली काही नाही. मी शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि तसाच राहिलो.

ते उत्तर देणार कसे? तोंड मीच बंद केलं होतं.

ओल्या बोटाने स्क्रीन ऐकेना. शर्टही भिजलेला, पुसायला सुकं काही नाही. चौथ्यांदा सेटिंग बदललं. ‘सर्व सदस्य मेसेज पाठवू शकतात’ असं वर उमटलं मात्र, धडाधड मेसेज कोसळले. पहिलाच नम्रताचा. दुर्वा माझ्याकडे आसा. नऊ वाजल्यापासून. तुमका किती फोन केलंय, लागत नाय.

मान वर केली. समोर वीस पावलांवर मेडिकल. शटर अर्धं खाली. आत काउंटरवर दुर्वा बसलेली, नम्रताच्या मुलीचा फ्रॉक घालून, बिस्किट खात.

नम्रताने कोरा टॉवेल पाकिटातून काढून दिला, पैसे घेतले नाहीत. दुर्वाने विचारलं, बाबा, पत्र आला काय? मी तिला उचलून घेतलं. नऊ वर्षांची झालीय, जड झालीय.

१६ जुलै, बुधवार
नम्रताला पुन्हा अ‍ॅडमिन केलं. मला अ‍ॅडमिनपदावरून काढायला तिलाच सांगितलं. तिने काढलं. माफी लिहिली, नियमावलीशिवाय. कुणी फुलं पाठवली नाहीत. मग लक्षात आलं, तिथे आता कुणी बोलायला येतच नाही. आठ तारखेपासून सगळे त्या दुसऱ्या ग्रुपवर आहेत.

गणपतकडून त्याची लिंक मागून घेतली. दाबली. नाव: ‘चौथी ब, सगळ्यांचो’. सदस्य अडतीस, त्यात गणपत. मी सोडून आख्खा वर्ग. खाली, ग्रुप कुणी काढला ते नाव.

स्वप्ना राऊळ.

नवीन सदस्याला अ‍ॅडमिनची मंजुरी लागते. विनंती पाठवली. स्वप्ना दुपारीच कणकवलीहून परत आलीय. स्वयंपाकघरात तिचा फोन वाजलेला मी इथून ऐकला. थोड्या वेळाने दाराशी जाऊन विचारलं, माझी विनंती पोचली का? तिने भाताचं झाकण ठेवलं. म्हणाली, पोचली. विचार करतंय.

रात्री ९.१०. अजून प्रलंबित.